बँकेतून रोख काढताना कापलेला टीडीएस: कोणाचा कापतात आणि परत कसा मिळतो

प्रश्न: आमची जमीन रस्त्याच्या कामात गेली. मोबदला एप्रिल २०२४ मध्ये वडिलांच्या जिल्हा बँकेतल्या बचत खात्यात जमा झाला. २५ लाख लगेच ठेवीत टाकले. घराचं बांधकाम आणि जुनी देणी यासाठी वर्षभरात चार वेळा मिळून ४८ लाख रोख काढले. पासबुकात टीडीएसच्या नावाने एकूण ५६ हजार वजा झालेले दिसतात. वडील ६४ वर्षांचे, फक्त शेती करतात, रिटर्न कधीच भरलं नाही. मोबदल्यावर कर नसतो, मग हे पैसे कसले कापले? परत मिळतील का? अजून थोडं बांधकाम बाकी आहे, पुन्हा काढले तर पुन्हा कापतील का?

उत्तर: पैसे परत मिळतील, पण बँकेकडून नाही. बँकेने ते सरकारकडे भरलेले आहेत, त्यामुळे शाखेत कितीही चकरा मारल्या तरी तिथून काही हाती लागणार नाही. परतावा आयकर खातं देतं आणि त्यासाठी वडिलांना रिटर्न भरावं लागेल. मी तालुक्याच्या गावी करसल्लागाराचं काम करतो आणि अशी प्रकरणं दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यातले बहुतेक लोक वर्ष-दोन वर्षं बँकेशी भांडण्यात घालवून मग येतात, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

घोळ होतो तो टीडीएस या शब्दामुळे. टीडीएस म्हटलं की आपल्याला वाटतं उत्पन्नावरचा कर कापला. पगारावर, ठेवीच्या व्याजावर कापतात तो तसाच असतो. हा मात्र उत्पन्नावर कापलेला नाही. आयकर कायद्याच्या कलम १९४एन खाली, एका बँकेतून एका आर्थिक वर्षात ठरावीक रकमेपेक्षा जास्त रोख काढली की वरच्या रकमेवर बँकेला टीडीएस कापावाच लागतो. खात्यातला पैसा मोबदल्याचा आहे, कर्जाचा आहे की बापजाद्यांच्या बचतीचा, हे बँक बघत नाही, तिला बघायचा अधिकारही नाही. म्हणजे मोबदल्यावर कर आहे की नाही हा एक प्रश्न आणि रोख काढल्यावर कापला तो दुसरा. दोन्ही वेगळे ठेवले की पुढचं सगळं सोपं आहे.

हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून आलं. तेव्हा मर्यादा सरसकट एक कोटी होती आणि त्यावरच्या रकमेवर २ टक्के. तेवढ्याने शेतकऱ्याला सहसा झळ लागली नसती. १ जुलै २०२० पासून मात्र त्यात एक पोटतरतूद आली. ज्याने मागच्या तीन वर्षांपैकी एकाही वर्षाचं रिटर्न भरलेलं नाही, त्याच्यासाठी मर्यादा वीस लाखांवर आणली. वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत २ टक्के, एक कोटीच्या वर ५ टक्के. तीन वर्षांतलं एक जरी रिटर्न भरलेलं असलं तरी माणूस या जाचातून सुटतो आणि एक कोटीच्या मर्यादेत येतो. आपल्याकडे शेतकऱ्याचं उत्पन्न करमाफ, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रिटर्न भरलेलं नसतं. आयुष्यात एकदाच मोठी रक्कम हातात येते, जमीन गेल्यावर, आणि नेमका तेव्हाच तो या वीस लाखांच्या खोड्यात अडकतो.

तुमचे आकडे मी उलटे मांडून पाहिले. ४८ लाखांतून २० लाख वजा केले तर २८ लाख उरतात आणि त्याचे २ टक्के म्हणजे बरोबर ५६ हजार. याचा अर्थ बँकेने नियमाप्रमाणेच कापलं आहे, जास्तीचं काही नाही. आणखी एक चांगली गोष्ट यातून कळते: बँकेकडे वडिलांचा पॅन आहे आणि तो चालू आहे. पॅन दिलेला नसता, किंवा आधारशी जोडला नाही म्हणून निष्क्रिय झाला असता, तर कपात २० टक्क्यांनी झाली असती आणि आकडा ५ लाख ६० हजार आला असता. तसे कापलेले लोकही मी पाहिले आहेत.

पासबुक उघडून नोंदी कशा दिसतील ते सांगतो. तुम्ही तारखा दिलेल्या नाहीत, म्हणून समजू की जूनमध्ये १२ लाख काढले, ऑगस्टमध्ये ९, नोव्हेंबरमध्ये १५ आणि जानेवारीत १२. जूनच्या वेळी काहीच कापलं जात नाही. ऑगस्टमध्ये बेरीज २१ लाख होते, म्हणजे वीसच्या वर फक्त एक लाख, त्याचे २ हजार. नोव्हेंबरचे सगळे १५ लाख मर्यादेच्या वर, त्याचे ३० हजार. जानेवारीच्या १२ लाखांचे २४ हजार. पासबुकात बहुधा रोख काढल्याच्या ओळीखालीच टीडीएसची वेगळी ओळ नावे पडलेली असते, म्हणजे हातात पूर्ण १५ लाख मिळतात आणि खात्यातून १५ लाख ३० हजार जातात. मर्यादा मोजताना त्या बँकेतली वडिलांची सगळी खाती एकत्र धरतात, शाखा वेगळी असली तरी. दुसऱ्या बँकेतली काढणी त्यात येत नाही. धनादेशाने किंवा आरटीजीएसने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसेही येत नाहीत, फक्त रोख मोजतात.

आता परताव्याकडे येऊ. पहिलं काम रिटर्नचं नाही, पडताळणीचं आहे. आयकराच्या संकेतस्थळावर वडिलांच्या पॅनने नोंदणी करा आणि फॉर्म २६एएस उघडा. त्यात बँकेच्या नावाखाली कापलेली प्रत्येक रक्कम तारखेनिशी दिसली पाहिजे, कलमाच्या रकान्यात 194N किंवा त्याचाच रिटर्न न भरणाऱ्यांसाठीचा 194NF असा प्रकार असेल. वर धरलेल्या तारखांप्रमाणे तीन नोंदी हव्यात: २ हजार, ३० हजार, २४ हजार. बँक दर तिमाहीला २६क्यू नावाचं विवरण भरते, त्यातून या नोंदी येतात. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं विवरण भरायची मुदत ३१ मे असते, म्हणून २०२४-२५ मधली सगळी कपात आता दिसायलाच हवी.

नाही दिसली तर काय? इथेच प्रकरणं रखडतात. मागे एका द्राक्ष बागायतदारांचं काम माझ्याकडे आलं. पासबुकात ६४ हजार कापलेले, २६एएस मात्र कोरं. खातं बापलेकाचं जोडखातं होतं आणि शाखेने विवरणात वडिलांऐवजी मुलाचा पॅन टाकला होता. मुलाचं २६एएस उघडल्यावर पैसे तिथे सापडले. अशा वेळी मुलाच्या रिटर्नमध्ये ते मागून घ्यायचा मोह होतो, पण तसं करू नये. खात्यातला पैसा वडिलांचा आणि बँकेने कापायचा होता तोही वडिलांचा. आम्ही शाखेला लेखी अर्ज दिला, सोबत पासबुकाची प्रत आणि वडिलांचा पॅन जोडला आणि २६क्यूचं सुधारित विवरण भरा असं स्पष्ट लिहिलं. पॅन दुरुस्त करणं फक्त कापणाऱ्याच्या, म्हणजे बँकेच्या हातात असतं. आयकर खातं ते करत नाही आणि सल्लागारही करू शकत नाही. पाच आठवड्यांनी नोंद जागेवर आली. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. बँकेकडून टीडीएसचं प्रमाणपत्र, फॉर्म १६ए, तेही मागून घ्या.

नोंदी जुळल्या की रिटर्न. कुठला फॉर्म, इथे बहुतेक जण चुकतात. गावात कोणीही सांगेल की आयटीआर-१ भर, सोपा आहे. पण ज्याचा १९४एन खाली टीडीएस कापला आहे त्याला आयटीआर-१ भरता येत नाही. शिवाय शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असलं तरी तो फॉर्म चालत नाही. वडिलांचा कुठलाही धंदा नसेल तर आयटीआर-२ भरायचा.

त्यात टीडीएसच्या तक्त्यात, म्हणजे Schedule TDS मध्ये, बँकेच्या या नोंदी बहुधा आधीच भरलेल्या दिसतील. तिथे Head of Income असा रकाना असतो, हा टीडीएस कोणत्या उत्पन्नावर कापला ते विचारणारा. पर्यायांमध्ये १९४एन साठी Not Applicable ठेवलेला आहे, तोच निवडा. हा एक रकाना मी दोनदा तपासतो. कारण तिथे चुकून व्याज किंवा इतर उत्पन्न निवडलं गेलं तर संगणक शोधतो की यावर टीडीएस मागितला आहे, मग ते उत्पन्न कुठे दाखवलं? ते सापडत नाही आणि रिटर्न सदोष असल्याची नोटीस येते.

उलट चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांना कराची मोठी मागणी आली होती. ज्याने त्यांचं रिटर्न भरलं होतं त्याने आयकर खात्याकडे आलेल्या व्यवहारांच्या वार्षिक माहितीपत्रकात रोख काढलेली रक्कम पाहिली आणि ती सरळ इतर उत्पन्नात टाकली. स्वतःच्याच खात्यातून काढलेला पैसा उत्पन्न कसा असेल? कायद्यात तर याची खास सोय आहे. एरवी कापलेला टीडीएस हा मिळालेल्या उत्पन्नाचा भाग धरतात, पण कलम १९८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की १९४एन खाली कापलेली रक्कम उत्पन्न धरायची नाही. म्हणजे ४८ लाख तर नाहीतच, ५६ हजारही उत्पन्नात मिळवायचे नाहीत. सरकारकडे आपले ५६ हजार आगाऊ जमा आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग वडिलांचं उत्पन्न काय दाखवायचं? तर ठेवीचं व्याज, ज्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही आणि जे सगळेच विसरतात. २५ लाखांवर वर्षाला समजा १ लाख ७५ हजार व्याज आलं आणि बचत खात्यावर १२ हजार. हे १ लाख ८७ हजार करपात्र उत्पन्न म्हणून दाखवावेच लागतील, माहितीपत्रकात ते आयकर खात्याला दिसतही असतात. ज्येष्ठांच्या ठेवींवर २०२४-२५ मध्ये ५० हजारांच्या वर व्याज गेलं की बँक १० टक्के कापते, त्यामुळे तिथेही सुमारे १७ हजार ५०० कापले असतील. २६एएसमध्ये बघा, ते कलम 194A खाली दिसतील.

नव्या करपद्धतीत त्या वर्षासाठी ३ लाखांपर्यंत कर नाही. शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं मिळवायचा जो नियम आहे तोही बाकीचं उत्पन्न या मर्यादेच्या वर गेलं तरच लागतो. वडिलांचं गेलेलं नाही. कर शून्य, म्हणून ५६ हजार आणि १७ हजार ५०० मिळून ७३ हजार ५०० परत. रिटर्न मुदतीत भरलं तर १ एप्रिल २०२५ पासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळतं. ते व्याज मात्र ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं.

शेतीचं उत्पन्न आणि मोबदला दोन्ही करमाफ उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, बागायत की जिरायत हे सगळं विचारतात, सातबारा हाताशी ठेवा. मोबदल्याबद्दल मात्र मला निवाडा पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा असेल तर त्याच्या कलम ९६ मुळे मोबदल्याला आयकर नाही. वेगळ्या कायद्याखाली संपादन झालं असेल, तरी जमीन शेतजमीन आणि शहराच्या हद्दीपासून कायद्यात दिलेल्या अंतराच्या बाहेर असेल, तर ती भांडवली मालमत्ताच धरत नाहीत. पण जमीन शहरालगत असेल, बिनशेती झालेली असेल किंवा तिच्यावरच्या बांधकामाचा मोबदला असेल, तर निवाड्याची प्रत घेऊन कोणाला तरी समोर बसून दाखवा. या एका मुद्द्यावर चूक झाली तर ७३ हजारांच्या परताव्यापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न उभा राहतो.

आमचं उत्पन्न करपात्रच नाही, मग रिटर्न कशाला, असं वडील म्हणतील. त्यांना सांगा की २०२४-२५ साठी त्यांना ते भरणं बंधनकारकच आहे. वर्षभरात टीडीएस २५ हजार किंवा जास्त, ज्येष्ठांच्या बाबतीत ५० हजार किंवा जास्त कापला असेल तर उत्पन्न कितीही असो, रिटर्न भरावं लागतं. बचत खात्यांमध्ये वर्षात ५० लाख किंवा जास्त जमा झाले तरीही. वडील दोन्हींत बसतात. त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. ती हुकली तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं, पण त्यात परताव्यावरचं व्याज कमी होतं.

डिसेंबर मात्र चुकवायचा नसतो. त्यानंतर जे अद्ययावत रिटर्न भरता येतं त्यात परतावा मागता येत नाही. आणि १९४एनचा टीडीएस ज्या वर्षी कापला त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये मागावा लागतो, पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे आधीच्या वर्षांतले पैसे असे अडकले असतील, तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज प्रधान आयकर आयुक्तांकडे करता येतो. कर निर्धारण वर्ष, म्हणजे पैसे कापले त्याच्या पुढचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो आणि उशिराचं खरं कारण कागदांनिशी द्यावं लागतं. मी असे अर्ज केले आहेत. वेळ लागतो, पण आजारपण किंवा घरातला मृत्यू यांसारखी कारणं कागदोपत्री असली तर ऐकून घेतात.

रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत आधार ओटीपीने त्याची ई-पडताळणी करा, ती झाली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आणि परतावा ज्या खात्यात हवा ते खातं संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून घ्या. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव यात फरक असेल तर खातं प्रमाणित होत नाही. सातबाऱ्यावर दगडू, आधारवर दगडूराव, बँकेत दगडू आणि पुढे आजोबांचं नाव, असं आपल्याकडे घरोघरी असतं. निवाड्याच्या वेळी ते प्रतिज्ञापत्रावर भागलं असेल, इथे भागत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. १ एप्रिल २०२५ पासून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली, त्यामुळे २०२५-२६ मध्ये वीस लाखांपर्यंत तसंही काही कापायचं नव्हतं. त्याहून जास्त लागणार असतील तर वडिलांचं रिटर्न आधी भरा आणि त्या रिटर्नची मूळ मुदत संपल्यावर काढा. मागची तीन वर्षं मोजताना ज्यांची मूळ मुदत संपली आहे तीच वर्षं धरतात, म्हणून भरलेलं रिटर्न मुदत संपल्यावरच गणतीत येतं. मग वडिलांची मर्यादा एक कोटी होईल. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर TDS on Cash Withdrawal अशी लिंक आहे. तिथे पॅन आणि मोबाइल क्रमांक टाकला की किती टक्के कापायचे ते कळतं. बँकेची नोंद जुनीच असेल तर त्याची छापील प्रत शाखाधिकाऱ्याला दाखवा, रोख काढायच्या आदल्या दिवशी, कारण एकदा कापलं की परत रिटर्नचीच वाट. व्याजावर कर कापू नका असं सांगणारे १५जी-१५एच फॉर्म देऊन किंवा कमी दराचं प्रमाणपत्र आणून ही कपात टाळता येत नाही, कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

काही जण तीन बँकांत खाती उघडून प्रत्येकातून वीस लाखांच्या आत काढतात. ते बेकायदा नाही, पण मी सुचवत नाही. परत मिळणाऱ्या पैशासाठी तेवढी धावपळ कशाला? त्यापेक्षा सिमेंट-सळईवाल्याला आणि ठेकेदाराला आरटीजीएसने द्या. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे तुमच्या ठेकेदारालाही माहीत असलेलं बरं.

वाचणाऱ्यांत व्यापारी असतील म्हणून दोन ओळी. बाजार समितीत नोंदणी असलेल्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना शेतमालाचे पैसे शेतकऱ्याला देण्यासाठी काढलेल्या रोख रकमेवर सूट आहे, पण आपोआप नाही. कोणत्या खात्यातून काढणार ते पॅनसह बँकेला आधी कळवावं लागतं, रक्कम शेतकऱ्यांना देण्यासाठीच आहे असं प्रमाणित करावं लागतं आणि बँक समितीच्या नोंदणीचा पुरावा मागते. दूध संस्था, विकास सोसायट्या यांसारख्या सहकारी संस्थांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून तीन कोटी आहे.

तुम्ही आज एवढं करा: पासबुकाची ती पानं आणि २६एएस शेजारी ठेवून रकमा आणि तारखा जुळवा. न जुळल्या तर तिमाही आणि रक्कम इथे लिहा, बँकेला द्यायच्या अर्जाचा मजकूर मी देतो. वडिलांचा पॅन किंवा खाते क्रमांक मात्र इथे लिहू नका.